आधी व्होल्टेज, मग वेग

मे महिना, नागपूर, संध्याकाळचे सात. भाच्याच्या खोलीतला थर्मामीटर ३६ अंश दाखवत होता. खिडकीत कूलर चालू होता, पण त्याच्या आवाजावरही मात करणारा एक आवाज टेबलाखालून येत होता. "मामा, गेम लावला की हा असा घोंघावायला लागतो," भाचा म्हणाला. कॉम्प्युटरमध्ये आरटीएक्स ३०६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होतं, तीन वर्षं वापरलेलं. गेम सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. कार्डाचं तापमान ८२ अंशांवर होतं, पंखे मिनिटाला २६०० फेऱ्या मारत होते आणि कार्ड २०० वॅट वीज खात होतं. त्याने मला बोलावलं होतं ते मात्र वेगळ्याच कामासाठी. कुठल्याशा व्हिडिओत त्याने ओव्हरक्लॉकिंग पाहिलं होतं आणि त्याला फ्रेम वाढवून हव्या होत्या.

मी त्याला सांगितलं, वेगाचं नंतर बघू, आधी व्होल्टेज उतरवू. असा उलटा क्रम का लावला, हे कळायला कार्ड आतून कसं चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

ग्राफिक्स कार्डाची मुख्य चिप ठरावीक ठोक्यावर काम करते. सेकंदाला किती ठोके पडतात तो तिचा क्लॉक, आणि तो मेगाहर्ट्‌झमध्ये मोजतात. ठोका जितका जलद, तितकी चित्रं लवकर तयार होतात. पण ठोका वाढला की चिपमधल्या अब्जावधी ट्रान्झिस्टरना चालू-बंद व्हायला वेळ कमी मिळतो. त्यांना चपळ ठेवायचं तर व्होल्टेज वाढवावं लागतं. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज द्यायचं याचा एक तक्ता कंपनी कार्डातच भरून देते. आलेखावर तो चढत्या रेषेसारखा दिसतो, म्हणून त्याला कर्व्ह म्हणतात. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्याच व्होल्टेजला जास्त वेग मागणं. अंडरव्होल्टिंग म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजमध्ये मागणं. दोन्हींत ओढाताण एकाच रेषेची असते, फक्त दिशा बदलते.

ही ओढाताण चालते, कारण कंपनी रेषा मुळातच सैल आखते. शाळेचा गणवेश शिवताना आपण शिंप्याला सांगतो, वाढत्या अंगाचा शिवा. कंपनीही तेच करते. एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनलेल्या दोन चिपा अगदी सारख्या नसतात. एक कमी व्होल्टेजवर आरामात धावते, दुसरीला थोडं जास्त लागतं. प्रत्येक चिपची नेमकी गरज बारकाईने मापत बसणं परवडत नाही. म्हणून चिप तापलेल्या खोलीत, काही वर्षं वापरून झाल्यावरही, नीट चालेल इतकं व्होल्टेज सढळ हाताने दिलं जातं. आपल्या वाट्याला आलेली चिप मध्यम प्रतीची असली, तरी तिला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असतं. हे जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन खोलीत येतं.

ते किती महाग पडतं, हे एका छोट्या सूत्रात दिसतं:

```
P ≈ C × V² × f
```

P म्हणजे चिप खाते ती वीज, f म्हणजे वेग, V म्हणजे व्होल्टेज, आणि C हा त्या चिपचा स्वतःचा एक आकडा. यात व्होल्टेजचा वर्ग आहे, हे लक्षात घ्यायचं. वेग पाच टक्क्यांनी कमी केला तर वीज पाच टक्क्यांनी कमी होते. व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरवलं तर जवळजवळ दहा टक्क्यांनी. भाच्याचं कार्ड गेममध्ये १८७५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, साधारण १.०३ व्होल्टवर धावत होतं. तोच वेग ०.८७५ व्होल्टवर मिळाला, तर व्होल्टेज मूळच्या ८५ टक्के होतं आणि ८५ टक्क्यांचा वर्ग ७२ टक्के. म्हणजे चिपची वीज चौथाईहून जास्त उतरते आणि वेगाला हातही लागत नाही. कार्डावरची मेमरी आणि पंखे मात्र आपापली वीज घेतच राहतात, त्यामुळे सबंध कार्डाची बचत याहून थोडी कमी भरते.

त्या संध्याकाळी आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. एनव्हिडियाच्या कोणत्याही अलीकडच्या कार्डाला हाच क्रम लागू पडतो, आकडे तेवढे वेगळे येतील.

साधन म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नर. फुकट मिळतं आणि कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. ते फक्त एमएसआयच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. या नावाची हुबेहूब खोटी पानं करून त्यातून व्हायरस पसरवण्याचे प्रकार झालेले आहेत. या साऱ्या उद्योगात कॉम्प्युटरला खरा धोका मला इथे जास्त वाटतो, व्होल्टेजमध्ये कमी.

काहीही बदलण्याआधी आम्ही मोजमाप घेतलं. ज्या गेममध्ये बेंचमार्कची सोय आहे असा एक गेम लावला, पंधरा मिनिटं चालू दिला आणि मग सरासरी लिहून ठेवली: सेकंदाला ७१ फ्रेम, २०० वॅट, ८२ अंश. हे आकडे वहीवर नसतील तर नंतर झालेला फायदा खरा की मनाचा, हे सांगता येत नाही. पंधरा मिनिटं थांबण्यालाही कारण आहे. कार्ड थंड असताना आपोआप थोडं जलद धावतं आणि कर्व्हची रेषाही तापमानाबरोबर वरखाली सरकते. म्हणून मोजायचं ते गरम कार्डावर आणि कर्व्ह जुळवायचा तोही गरम कार्डावर.

मग आफ्टरबर्नरमध्ये `Core Clock` ची पट्टी डावीकडे ओढून −250 वर नेली आणि बरोबरची खूण असलेलं बटण दाबलं. सगळी रेषा खाली आली. त्यानंतर `Ctrl+F` दाबलं की कर्व्हची खिडकी उघडते. आडव्या अक्षावर मिलिव्होल्ट, उभ्या अक्षावर मेगाहर्ट्‌झ. भाच्याला मी ९०० मिलिव्होल्टचा ठिपका शोधायला सांगितला आणि तो एकटा ठिपका वर ओढत १८६० मेगाहर्ट्‌झवर आणायला लावला. पुन्हा बरोबरची खूण. आता त्या ठिपक्याच्या उजवीकडची सारी रेषा टेबलासारखी सपाट झाली. याचा अर्थ, कार्डाने कितीही जोर मागितला तरी १८६० च्या वर वेग नाही, आणि म्हणून ९०० मिलिव्होल्टच्या वर व्होल्टेज नाही. पूर्वीपेक्षा वेग पंधराएक मेगाहर्ट्‌झनी कमी धरला होता. तेवढा फरक डोळ्याला दिसत नाही.

गेम पुन्हा लावला. पंखे हळू होताना ऐकू आले. भाचा खुर्ची मागे ढकलून टेबलाखाली वाकून बघत होता, पंखे बंद तर पडले नाहीत ना म्हणून.

पुढे एकेक पायरी उतरत गेलो. ९०० वरून ८८७, तिथे वीस मिनिटं. मग ८७५, मग ८६२. तिथवर सगळं सुरळीत होतं. ८५० वर बाराव्या मिनिटाला पडदा क्षणभर काळा झाला आणि गेम बंद होऊन डेस्कटॉप समोर आला. भाच्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, कार्ड गेलं. काहीही गेलेलं नव्हतं. चिपला अपुरं व्होल्टेज मिळालं, तिच्या हिशेबात चूक झाली, विंडोजने ड्रायव्हर थांबवून पुन्हा सुरू केला, इतकंच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `nvlddmkm` या नावाची नोंद सापडली. ते एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं नाव आहे आणि अंडरव्होल्ट जास्त झाल्याची ही नेहमीची खूण आहे. कमी व्होल्टेजने चिप जळत नाही. उघड्या फायलीत जतन न केलेलं काम असेल तर ते मात्र जातं, तेव्हा चाचणीच्या वेळी बाकी सारं बंद ठेवावं.

८५० ला पडलं म्हणून ८६२ वर थांबावं असं वाटतं. तसं करू नये. आम्ही आणखी एक पायरी वर, ८७५ वर आलो. चिप वर्षागणिक थोडी जुनी होते, एखादा नवा गेम तिला वेगळ्या तऱ्हेने राबवतो, आणि एवढ्याशा मिलिव्होल्टसाठी ऐन खेळाच्या मध्यात पडदा काळा होणं परवडत नाही.

शेवटचे आकडे असे आले: ७० फ्रेम, १५६ वॅट, ७५ अंश, पंखे मिनिटाला २००० फेऱ्यांवर. एक फ्रेम गेली आणि ४४ वॅट वाचले. कार्ड जितकी वीज खातं तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते, त्यामुळे छत्तीस अंशांच्या खोलीत या ४४ वॅटांचं मोल मोठं आहे. पैशात पाहिलं तर रोज चार तास खेळणाऱ्याचे वर्षाला सुमारे ६४ युनिट वाचतात, दहा रुपये युनिट धरलं तर ६४० रुपये. ही रक्कम काही फार नाही आणि तिच्यासाठी हा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही. मला मोलाचे वाटतात ते खाली आलेले सात अंश आणि गेलेला आवाज.

आता चाचणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवशिके इथेच फसतात. पुष्कळ जण फरमार्क नावाचा कार्यक्रम अर्धा तास चालवतात, तो टिकला की निर्धास्त होतात. फरमार्क कार्डावर इतका भार टाकतो की कार्ड विजेच्या मर्यादेला जाऊन धडकतं आणि स्वतःच वेग खाली आणतं. म्हणजे आपण ज्या ठिपक्याची परीक्षा घ्यायला निघालो, त्या ठिपक्यापर्यंत ते पुष्कळदा पोचतच नाही. परीक्षा खऱ्या गेमवरच घ्यावी, आणि त्यातही रे ट्रेसिंग असलेल्या गेमवर. प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे चिपमधले वेगळे भाग तेव्हा कामाला लागतात. इतर सगळीकडे टिकलेला अंडरव्होल्ट तिथे पुष्कळदा उघडा पडतो. आमचा ८५० चा ठिपकाही रे ट्रेसिंग चालू केल्यावरच पडला होता.

दुसरी फसगत आणखी आतली आहे. पडद्यावर १८६० दिसतं, गेम पडत नाही, तरी फ्रेम मात्र कमी येतात. व्होल्टेज फारच अपुरं असेल तर चिप मधले काही ठोके गाळते. आफ्टरबर्नर मागितलेला वेग दाखवतं, प्रत्यक्षातला नाही. एचडब्ल्यूइन्फो या फुकट कार्यक्रमात `GPU Effective Clock` अशी ओळ असते, तिच्यात खरा वेग कळतो. दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली तर एक पायरी वर या. तेवढंही करायचं नसेल तर वहीतल्या फ्रेम पुन्हा जुळवून पाहा. त्या कमी झाल्या असतील तर अंडरव्होल्ट फसलेला आहे, पडदा काळा झालेला असो वा नसो.

भाच्याला अर्थातच वेग हवा होता आणि तो हट्ट मी मोडला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सारं पूर्ववत करून ओव्हरक्लॉकही करून पाहिला. विजेची मर्यादा त्या कार्डाने दिली तितकी वाढवली, ती दहा टक्के होती. चिपचा वेग ३० मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी वाढवत +१०० वर नेला. +१३० ला गेम पडला. मेमरी +५०० वर नेली. फ्रेम ७१ वरून ७४ झाल्या. चार टक्के. त्यासाठी कार्ड २१८ वॅट खाऊ लागलं, तापमान ८४ अंशांवर गेलं आणि पंखे पहिल्यापेक्षाही जोरात फिरू लागले.

एवढंच का मिळतं? दहा-पंधरा वर्षांपूर्वी असं नव्हतं. जीटीएक्स ४६० किंवा रेडिऑन एचडी ७९५० यांसारखी कार्डं वीस-पंचवीस टक्के सहज जलद पळायची, कारण कारखान्यातून ती एका ठरावीक, बेताच्या वेगावर बांधून यायची. २०१२ साली जीटीएक्स ६८० बरोबर एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच वीज, तापमान आणि व्होल्टेज पाहत वेग जमेल तितका वर नेतं. म्हणजे आज आपण खोक्यातून काढतो ते कार्ड बहुतांशी ओव्हरक्लॉक होऊनच आलेलं असतं. उरलंसुरलं तीन ते आठ टक्के आपल्या वाट्याला येतं. ६० फ्रेमच्या जागी ६३. गेममध्ये सावल्यांचा दर्जा एका पायरीने उतरवला तर याहून जास्त मिळतं.

मेमरीच्या बाबतीत एक सूचना. चिप जास्त ताणली की गेम पडतो, पण मेमरी जास्त ताणली की आधी पडद्यावर चमकणारे ठिपके, रंगीत चौकोन किंवा लांबलचक त्रिकोण दिसू लागतात. तसं दिसलं की ताबडतोब शंभरने मागे यायचं. ३०८० सारख्या कार्डांवरची जीडीडीआर६एक्स मेमरी तर चूक झाली की तो भाग गुपचूप पुन्हा पाठवते. पडदा स्वच्छ राहतो, फ्रेम तेवढ्या घटतात. म्हणून मेमरी वाढवताना प्रत्येक पायरीला फ्रेम मोजाव्यात आणि त्या वाढायच्या थांबल्या की तिथेच थांबावं.

शेवटी भाच्याच्या कॉम्प्युटरवर जे कायम ठेवलं ते दोन्हींचं मिश्रण आहे: १८६० मेगाहर्ट्‌झ, ८७५ मिलिव्होल्ट आणि मेमरी +४००. फ्रेम ७२, वीज १६० वॅट. मूळच्यापेक्षा एक फ्रेम जास्त आणि चाळीस वॅट कमी. माझ्या मते नवशिक्याने इथे थांबावं.

एएमडीचं कार्ड असेल तर वेगळं साधन लागत नाही. त्यांच्याच ॲड्रिनलिनमध्ये ट्यूनिंगचं पान असतं आणि तिथे व्होल्टेजची पट्टी थोडी थोडी खाली आणत, वरच्याच पद्धतीने तपासत जायचं. ६००० आणि ७००० मालिकेच्या कार्डांवर एक सुखद गोष्ट घडते. तिथे व्होल्टेज उतरवलं की विजेच्या मर्यादेत जागा मोकळी होते आणि कार्ड ती वापरून आपला वेग आपणच वाढवतं. आवाज कमी हवा असेल तर त्याच पानावरची विजेची मर्यादाही उतरवावी लागते.

कर्व्हच्या भानगडीत पडायचंच नसेल तर आफ्टरबर्नरमधली `Power Limit` ची एकच पट्टी ८० टक्क्यांवर आणा. कार्ड त्यात न पडता, स्वतः सांभाळून चालतं. फ्रेम कर्व्हपेक्षा थोड्या जास्त जातात, पण पडदा काळा होण्याची भीती राहत नाही.

मग या साऱ्यात धोका कुठे आहे? आफ्टरबर्नरच्या पट्ट्या ओढून कार्ड जाळणं फार अवघड आहे, कारण व्होल्टेज आणि विजेची वरची मर्यादा कार्डाच्या बायोसमध्ये बांधलेली असते. नुकसान होतं ते ती मर्यादाच मोडायला जाणाऱ्यांचं. दुसऱ्या कार्डाचा बायोस आपल्यावर चढवणं, कार्डावरच्या वीज मोजणाऱ्या रोधकांवर डाग देऊन कार्डाला फसवणं, हे प्रकार नवशिक्याने करू नयेत. त्यात कार्ड कायमचं बंद पडू शकतं आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. दुसरी जागा म्हणजे धूळ. जाळ्या तुंबलेल्या असतील तर आधी त्या साफ करा. भाच्याच्या कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर वाळवंटासारखा थर होता आणि मी मोजमाप घेण्याआधी तो काढायला लावला होता.

आणि एक काळजी शेवटपर्यंत घ्या. आफ्टरबर्नरमध्ये विंडोजचं चिन्ह असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की केलेले बदल कॉम्प्युटर सुरू होतानाच लागू होतात. ते पहिल्याच दिवशी दाबू नका. सेटिंग १ नंबरच्या खणात साठवा, रोज हाताने चालू करा आणि आठवडाभर एकदाही पडदा काळा झाला नाही, तरच ते बटण दाबा. ते बटण दाबलेलं नसेल तर काहीही बिघडलं तरी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला की कार्ड कारखान्यातून आलं होतं तसं होतं.